कोणाला विचारायचं, हे ठरवतं कोण?

पीक कापणी प्रयोगासाठी शेतात आलेल्या कर्मचाऱ्याला पीक नेमकं कुठे कापायचं हे स्वतः ठरवता येत नाही. कोणत्या गावात जायचं, त्या गावातला कोणता गट नंबर घ्यायचा, हे आधीच चिठ्ठी काढल्यासारखं ठरून आलेलं असतं. शेतात पोहोचल्यावर तो नैऋत्येच्या कोपऱ्यापासून शेताची लांबी-रुंदी मोजतो. मग यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घेतो. समजा ते ३४ आणि ११ आले, तर लांबीच्या बाजूने ३४ आणि रुंदीच्या बाजूने ११ मापं आत जाऊन खुंटी ठोकायची. तिथून चौकोन आखायचा, बहुतेक पिकांसाठी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. त्या चौकोनात पीक विरळ असो की दाट, कापायचं तेवढंच.

एवढा खटाटोप कशासाठी, असं बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला वाटतं. अनुभवी माणसाला शेतावर नजर टाकली तरी ‘साधारण’ जागा कोणती हे कळत असणारच. पण हा चौकोन फक्त ५० चौरस मीटरचा असतो आणि हेक्टरी उत्पादन काढताना त्याच्या वजनाला २०० ने गुणावं लागतं. नजरेने जागा निवडताना एक किलोची चूक झाली, तर हेक्टरी दोन क्विंटलांचा फरक पडतो. शेतकऱ्याला विमा मिळावा असं वाटणारा माणूस नकळत विरळ जागेकडे वळेल. आपल्या भागाचं पीक चांगलं दिसावं असं वाटणारा दाट जागेकडे वळेल. दोघेही प्रामाणिक असू शकतात. त्यांची निवड कोणत्या बाजूला आणि किती झुकली, हे मात्र नंतर कोणालाच मोजता येत नाही.

नमुना निवडीच्या दोन मोठ्या कुळांमधला फरक इथेच आहे. संभाव्यता नमुना निवडीत कोण निवडलं जाणार हे दैव ठरवतं, आणि त्या दैवाचे नियम आपण आधी लिहून ठेवलेले असतात. असंभाव्यता नमुना निवडीत ते माणूस ठरवतो: कधी संशोधक, कधी प्रश्नावली वाटणारा, तर कधी उत्तर देणारा स्वतःच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन्ही प्रकारांच्या व्याख्या पाठ असतात. अडचण येते ती प्रकल्पाची वही उघडल्यावर. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते तडीला नेऊ.

एक कॉलेज, १,२०० विद्यार्थी

तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज डोळ्यांसमोर आणा. उदाहरण काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत. प्रथम वर्षाला १,२०० विद्यार्थी आहेत. त्यातले ७०० रोज आसपासच्या खेड्यांतून एसटीने किंवा दुचाकीने येतात. उरलेले ५०० गावातच किंवा वसतिगृहात राहतात. प्रकल्पाचा प्रश्न आहे, कॉलेजला येण्या-जाण्यात विद्यार्थ्याचा दिवसाला सरासरी किती वेळ जातो?

खरं उत्तर आपल्याला माहीत आहे असं क्षणभर धरू. खेड्यांतून येणाऱ्यांचे सरासरी ९० मिनिटं जातात, गावातल्यांची २०. सगळ्यांची मिळून सरासरी येते सुमारे ६१ मिनिटं. आता हे ६१ शोधायला निघू.

पहिली विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन दुपारी साडेचारला कॅन्टीनमध्ये बसते आणि समोर येईल त्याला विचारते. हा सोयीस्कर नमुना. १२० जण भरतात, पण त्यात ९० गावातले आणि ३० खेड्यांतले निघतात, कारण एसटीने जाणारे चारच्या गाडीला निघून गेलेले असतात. शिवाय जे ३० थांबले आहेत, ते बहुतेक जवळच्या खेड्यांतले किंवा स्वतःची दुचाकी असलेले. त्यांचा सरासरी वेळ ९० नाही, ५० मिनिटं आहे. हिशेब केला की सरासरी येते साडेसत्तावीस मिनिटं, म्हणजे खऱ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

मार्गदर्शक म्हणतात, ‘नमुना लहान आहे, वाढव.’ ती आणखी चार दिवस त्याच वेळी तिथेच बसते आणि ६०० प्रश्नावल्या भरून आणते. चारची गाडी रोजच चारला सुटते, त्यामुळे उत्तर पुन्हा साडेसत्तावीसच्याच आसपास येतं. नमुना मोठा केल्याने योगायोगाने होणारी चूक कमी होते. निवड एका बाजूला झुकल्यामुळे झालेली चूक तशीच राहते, आणि आकडा मोठा दिसत असल्याने लोकांचा तिच्यावर विश्वास मात्र जास्त बसतो.

दुसरा विद्यार्थी हुशार आहे. कार्यालयातून त्याला कळतं की ७०० आणि ५०० अशी विभागणी आहे. तो ठरवतो की १२० पैकी ७० खेड्यांतले आणि ५० गावातले घ्यायचेच. हा कोटा नमुना. कागदावर त्याचा नमुना कॉलेजची हुबेहूब छोटी प्रतिकृती आहे. पण ७० चा कोटा तो कॅन्टीनमध्येच भरतो, आणि तिथे भेटणारे खेड्यांतले विद्यार्थी म्हणजे पुन्हा तेच, ५० मिनिटंवाले. सरासरी येते साडेसदतीस. आधीपेक्षा बरी, पण ६१ पासून अजून खूप दूर. प्रमाण बरोबर राखलं, तरी त्या प्रमाणाच्या आत कोणाला घ्यायचं हे पुन्हा माणसानेच ठरवलं.

हीच गोष्ट १९४८ साली अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गॅलप यांच्या संस्थेने ड्युई यांना सुमारे ४९.५ टक्के मतं मिळतील असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात ट्रुमन ४९.६ टक्के मतं घेऊन जिंकले आणि ड्युई ४५ टक्क्यांवर थांबले. मुलाखती घेणाऱ्यांना स्त्री-पुरुष, वय, आर्थिक स्तर यांचा कोटा दिलेला होता, पण त्या चौकटीत कोणाचं दार वाजवायचं हे ते स्वतः ठरवत. चुकीला इतरही कारणं होती, त्यातलं एक म्हणजे मतदानाच्या बरेच दिवस आधी मुलाखती थांबवल्या गेल्या. तरी नंतरच्या चौकशीत कोट्याच्या पद्धतीवर कडक टीका झाली आणि पाहणी करणाऱ्या संस्था हळूहळू संभाव्यता निवडीकडे वळल्या.

चिठ्ठी काढल्यावर काय बदलतं

तिसरी विद्यार्थिनी कार्यालयातून १,२०० जणांची यादी मिळवते. एक्सेलमध्ये नावांच्या शेजारच्या रकान्यात ती हे सूत्र टाकते:

```
=RAND()
```

प्रत्येक नावासमोर एक यादृच्छिक अपूर्णांक येतो. हे आकडे दर बदलाला पुन्हा नवे होतात, म्हणून ती ते कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवते. मग त्या रकान्यानुसार यादी चढत्या क्रमाने लावते आणि वरची १२० नावं घेते. हा साधा यादृच्छिक नमुना. प्रत्येकाला निवडलं जाण्याची शक्यता १,२०० मध्ये १२०, म्हणजे दहात एक. ही शक्यता माहीत आहे आणि कोणाच्याही बाबतीत शून्य नाही. संभाव्यता नमुना म्हणवून घ्यायला या दोनच अटी लागतात. शक्यता सगळ्यांना सारखीच असली पाहिजे असंही नाही, ती माहीत असली की पुरे.

तिची सरासरी ६१ येईलच असं नाही. ५७ येईल किंवा ६५ येईल. पण ती किती हलेल याचा हिशेब आता करता येतो. आपल्या उदाहरणात खेड्यांतल्यांचा वेळ सरासरीभोवती ३० मिनिटांनी आणि गावातल्यांचा १० मिनिटांनी पसरलेला आहे असं धरलं, तर १२० च्या साध्या यादृच्छिक नमुन्याची सरासरी वीसपैकी एकोणीस वेळा खऱ्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ७ मिनिटांच्या आत पडते. कॅन्टीनमधल्या साडेसत्तावीसला असं ‘अधिक-उणे’ लावताच येत नाही. सॉफ्टवेअर लावून देईल, पण त्या आकड्याला काही आधार नसेल, कारण साडेचारला कॅन्टीनमध्ये सापडण्याची कोणाची किती शक्यता होती हे कोणालाच ठाऊक नाही.

आता थोडी सुधारणा. साध्या चिठ्ठीत कधी खेड्यांतले ६२ येतील, कधी ७८, आणि त्या चढउताराने सरासरी खालीवर होईल. म्हणून यादीचे आधीच दोन भाग करायचे आणि प्रत्येकातून वेगळी चिठ्ठी काढायची: ७०० मधून ७०, ५०० मधून ५०. हा स्तरित नमुना. दिसायला तो कोट्यासारखाच आहे, ७० आणि ५०. फरक इतकाच की गटाच्या आतली निवड कॅन्टीनने नाही, चिठ्ठीने केली. माणसं तितकीच, खर्च तितकाच, आणि ७ मिनिटांची चूक सुमारे ४ मिनिटांवर येते. उत्तरात मोठा फरक पाडणारे गट आधीच माहीत असतील तर स्तर करण्याचा फायदा इतका स्पष्ट दिसतो. प्रवासाच्या वेळेसाठी रक्तगटानुसार स्तर केले असते, तर काहीच फायदा झाला नसता.

यादी कागदावर असेल तर क्रमबद्ध नमुना सोपा पडतो. १ ते १० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा ७ आला, की ७, १७, २७ असं दर दहावं नाव घ्यायचं. फक्त यादीत दहाची लय लपलेली नाही ना, हे पाहावं. वसतिगृहाच्या यादीत दहा-दहा जणांचे गट असतील आणि प्रत्येक गटाचं पहिलं नाव गटप्रमुखाचं असेल, तर १ आकडा आल्यावर तुमच्या नमुन्यात सगळे गटप्रमुखच येतील.

यादीच नसेल तर? तालुक्यातल्या सगळ्या कुटुंबांची यादी विद्यार्थ्याला कुठून मिळणार? पण गावांची यादी जनगणनेत असते. चिठ्ठीने काही गावं निवडायची, निवडलेल्या गावांपुरती घरांची यादी स्वतः करायची आणि तिच्यातून पुन्हा चिठ्ठी काढायची. याला समूह नमुना किंवा बहुस्तरीय नमुना म्हणतात. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी याच तत्त्वावर चालत आली आहे. याची किंमतही आहे. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून चार गावांतली १२० घरं ही तालुक्यात विखुरलेल्या १२० घरांइतकी माहिती देत नाहीत. शक्य तर गावं जास्त घ्यावीत आणि प्रत्येक गावातली घरं कमी.

चिठ्ठीनेही न सुटणारी चूक

निवड शुद्ध असली म्हणजे पाहणी शुद्ध असते असं नाही. याचा एक महत्त्वाचा धडा पुन्हा पीक कापणीतूनच आला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की कापणीचा चौकोन फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. आखलेल्या रेषेवर उभं असलेलं धाट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न कापणाऱ्याला पडतो आणि हात बहुधा ते आत ओढतो. चौकोन जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब आणि तितकी ही भर मोठी. बंगालमध्ये लहान तुकड्यांवर काम करणाऱ्या महालनोबिसांशी त्यांचा यावर बराच वाद झाला. जागा चिठ्ठीने निवडलेली असूनही कडेवरची चूक शिल्लक राहते, हे त्या वादातून नीट पुढे आलं.

विद्यार्थ्याच्या पाहणीत ही कड म्हणजे न भेटलेली माणसं. चिठ्ठीत १२० नावं आली, त्यातली २५ दोन दिवस वर्गात नाहीत. मोह होतो की त्यांच्याऐवजी शेजारच्या बाकावरच्या २५ जणांना विचारावं. तसं केलं की चिठ्ठी मागच्या दाराने रद्द होते, कारण गैरहजर राहणारे बहुधा लांबून येणारेच असतात. त्यांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तासांना गाठायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. फोन नंबर मिळत असेल तर फोन करावा. तरीही जे सापडले नाहीत त्यांचा आकडा अहवालात लिहावा. १२० पैकी १०८ उत्तरं मिळाली, असं लिहिणं नमुना गुपचूप १२० चा करण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मग असंभाव्यता निवड कशाला?

काही प्रश्नांना टक्केवारीची गरजच नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुली शाळा कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणांनी सोडतात, हे समजून घ्यायचं असेल तर चिठ्ठी फारशी कामाची नाही. तिथे असा अनुभव असलेल्या मुली, त्यांच्या आया, मुकादम, गावातल्या शिक्षिका यांना विचार करून निवडावं लागतं. हा सहेतुक नमुना. त्यातही निवडीचा निकष आधी लिहावा: कोणत्या वयाच्या, किती हंगाम गेलेल्या, परत शाळेत आलेल्या आणि न आलेल्या अशा दोन्ही. नव्या मुलाखतींतून नवीन कारणं येईनाशी झाली की थांबता येतं.

अशी कुटुंबं हंगामात विखुरलेली असतात आणि त्यांची एकत्र यादी हाताशी नसते. तेव्हा एका कुटुंबाकडून दुसऱ्याचं नाव, त्याच्याकडून तिसऱ्याचं, असं जावं लागतं. हा स्नोबॉल नमुना. त्याची अडचण ही की जे कोणाच्याच ओळखीचे नाहीत ते कधी सापडत नाहीत. म्हणून सुरुवात एकाच घरापासून न करता वेगवेगळ्या टोळ्यांमधल्या तीन-चार घरांपासून करावी. या नमुन्यातून ‘पाच प्रकारची कारणं आढळली’ असं म्हणता येतं. ‘६० टक्के मुली लग्नामुळे शाळा सोडतात’ असं म्हणता येत नाही, मुलाखती कितीही घेतल्या तरी.

आणि सोयीस्कर नमुना? प्रश्नावलीतला कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, भरायला किती वेळ लागतो, हे तपासायला कॅन्टीनमधले पंधरा जण पुरेसे आहेत.

निवडीचा तक्ता

पहिल्या प्रश्नापासून सुरू करा आणि उत्तराप्रमाणे पुढे जा.

१. निष्कर्षात सगळ्यांच्या वतीने आकडा सांगायचा आहे का (सरासरी किंवा टक्के)?
होय → प्रश्न २. नाही → प्रश्न ६.

२. एकूण माणसं इतकी थोडी आहेत का, की सगळ्यांनाच विचारता येईल?
होय → सगळ्यांना विचारा, नमुन्याची गरज नाही. नाही → प्रश्न ३.

३. सगळ्यांची पुरी आणि ताजी यादी मिळते का?
होय → प्रश्न ४. नाही → प्रश्न ५.

४. उत्तरात मोठा फरक पाडणारे गट माहीत आहेत का, आणि कोण कोणत्या गटात हे यादीत दिसतं का?
होय → स्तरित नमुना. नाही → साधा यादृच्छिक नमुना. यादी कागदावर आणि लांब असेल तर क्रमबद्ध नमुना, यादीत लय नाही हे पाहून.

५. माणसांची नाही, पण ती जिथे आहेत त्या जागांची (गावं, वाड्या, शाळा, वर्ग) यादी आहे का?
होय → समूह किंवा बहुस्तरीय नमुना. नाही → आकड्याचा दावा सोडा, प्रश्न नव्याने मांडा आणि प्रश्न ६ वर जा.

६. विशिष्ट अनुभव किंवा माहिती असलेली माणसं हवी आहेत आणि ती थेट गाठता येतात का?
होय → सहेतुक नमुना. नाही → प्रश्न ७.

७. ती विखुरलेली आहेत, पण एकमेकांना ओळखतात का?
होय → स्नोबॉल नमुना, वेगवेगळ्या टोकांकडून सुरुवात करून. नाही → प्रश्न ८.

८. फक्त प्रश्नावलीची चाचणी घ्यायची आहे का?
होय → सोयीस्कर नमुना. नाही, निरनिराळ्या गटांची मतं ऐकायची आहेत → कोटा नमुना. निष्कर्ष मात्र भेटलेल्या माणसांपुरतेच.

तक्त्यात ‘वेळ कमी आहे का’ हा प्रश्न मुद्दाम घेतलेला नाही. यादी हाताशी असेल तर चिठ्ठी काढायला एक तास पुरतो. वेळ जातो तो चिठ्ठीत आलेली माणसं शोधण्यात. तेवढा वेळ नसेल तर नमुना १२० वरून ६० वर आणावा. आपल्या स्तरित उदाहरणात तसं केलं तर चूक ४ मिनिटांवरून सुमारे ६ मिनिटांवर जाते. म्हणजे चिठ्ठीने निवडलेले ६० जण ६१ च्या आसपासचं उत्तर देतात, आणि कॅन्टीनमधले ६०० जण साडेसत्तावीसवरच राहतात.

पद्धत ठरल्यावर ती अहवालात कशी लिहावी? संभाव्यता नमुना असेल तर चार गोष्टी लागतात: यादी कोणती आणि कोणत्या तारखेची, चिठ्ठी कशी काढली, किती जण निवडले, किती जणांनी उत्तर दिलं. असंभाव्यता नमुना असेल तर माणसं कुठे, कधी आणि कोणत्या निकषाने घेतली हे लिहून पुढे आणखी एक वाक्य जोडावं, या पद्धतीत कोण सापडूच शकलं नसतं याचं. कॅन्टीनच्या पाहणीत ते वाक्य असं असतं: ‘चारच्या एसटीने जाणारे विद्यार्थी या नमुन्यात नाहीत.’ तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा इथेच बोट ठेवतात. हे वाक्य लिहायला बसल्यावर ज्यांच्याबद्दल प्रकल्प होता तेच बाहेर राहिले असं दिसलं, तर प्रश्नावल्या छापण्याआधी तक्त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाकडे परत जावं आणि कार्यालयात यादी मागावी.